गणिताचा नुसता फोटो आला, तर आधी काय पाहायचं?

व्हॉट्सॲपवर एक फोटो येतो. पाठ्यपुस्तकाचं पान, जरा तिरकं, कोपऱ्यावर अंगठ्याची सावली. खाली एक अक्षरही नाही. पाठवणारा दहावीतला विद्यार्थी असतो, शेजारची मुलगी असते किंवा भाचा असतो. फोटो येतो तो शाळेतल्या शिक्षकांकडे, क्लास घेणाऱ्या ताईकडे किंवा घरातल्या गणित बरं असणाऱ्या माणसाकडे. त्या माणसासमोर तीन वाटा असतात. उदाहरण सोडवून पाठवायचं, ते कसं सोडवायचं हे समजावायचं, किंवा मुलानं आधीच काही केलं असेल तर ते तपासायचं.

बहुतेक जण पहिली वाट धरतात. गणित येणाऱ्याचा हात उदाहरण दिसताच चालू लागतो, आणि दोन मिनिटांत कागदावर उत्तर लिहून त्याचा फोटो परत पाठवणं सगळ्यात सोपं असतं. पण पाठ्यपुस्तकातल्या उदाहरणाच्या बाबतीत हीच वाट सहसा सगळ्यात कमी उपयोगाची ठरते, आणि याचं कारण त्याच पुस्तकात सापडतं. बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकात शेवटी उत्तरसूची असते. म्हणजे फोटो पाठवणाऱ्याकडे उत्तर आधीपासूनच असतं. त्याला जे मिळत नाही ते प्रश्न आणि उत्तर यांच्या मधलं काहीतरी असतं. ते नेमकं काय, हे नुसत्या छापील प्रश्नावरून कळत नाही.

तीन वाटांपैकी कोणती धरायची हे ठरवताना एक हिशोब करून पाहावा: आपला अंदाज चुकला तर काय बिघडेल? मुलाला पूर्ण उत्तर हवं होतं आणि आपण फक्त सुरुवात करून दिली, तर त्याची पाच मिनिटं जातात. तो पुन्हा विचारतो, आपण पुढचं सांगतो. उलट त्याला एका पायरीवरची अडचण सोडवून हवी होती आणि आपण सगळं उत्तर पाठवलं, तर ती चूक मागे घेता येत नाही. एकदा पाहिलेली रीत न पाहिल्यासारखी करता येत नाही, आणि ते उदाहरण त्याच्या सरावातून कायमचं गेलं. तिसरी शक्यता लोकांच्या फारशी लक्षात येत नाही. मुलाला त्याचं काम तपासून हवं होतं आणि आपण ते आपल्या पद्धतीनं नव्यानं सोडवलं, तर तो स्वतःची वही आपल्या फोटोशी ओळीनं ओळ ताडून पाहतो. जिथे फरक दिसेल तिथे स्वतःचं बरोबर असलेलं कामही खोडून टाकतो. हे कसं घडतं ते पुढे एका उदाहरणातच दिसेल.

फोटो नीट वाचणं

संदेश नसला तरी फोटो बरंच काही सांगतो. सगळ्यात आधी पाहायचं ते प्रश्नाच्या वरच्या ओळीकडे. मुलं बहुतेक वेळा फक्त आपला उपप्रश्न कापून पाठवतात आणि सूचना वरच राहून जाते. २०१८ साली आलेल्या दहावीच्या गणित भाग १ मध्ये वर्गसमीकरणांचे सरावसंच पद्धतीनुसार लावलेले आहेत. सरावसंच २.२ मध्ये अवयव पद्धत आहे, २.३ मध्ये पूर्ण वर्ग पद्धत आणि २.४ मध्ये सूत्र. आता समजा फोटोत एवढंच दिसतंय:

x² + 2x − 15 = 0

अवयव पाडून हे दोन ओळींत सुटतं: (x + 5)(x − 3) = 0, म्हणून x = −5 किंवा x = 3. पण वर कापलेली सूचना ‘पूर्ण वर्ग पद्धतीने सोडवा’ अशी असेल, तर हे उत्तर बरोबर असूनही मुलाच्या कामाचं नाही. त्याला x² + 2x + 1 = 16 इथपर्यंत यायचं आहे, म्हणजे (x + 1)² = 16, आणि मग x + 1 = ±4. अडचण बहुधा तो 1 कुठून आला यात असते. अवयवांची रीत पाहून ती सुटत नाही. म्हणून सूचना दिसत नसेल तर पहिला प्रश्न एकच विचारायचा: ‘वर काय लिहिलंय, कोणत्या पद्धतीनं सोडवायचं आहे?’

त्यानंतर हाताच्या खुणा पाहायच्या. छापील प्रश्नात काही आकड्यांखाली पेन्सिलीनं रेघ आहे का, समासात x = असं काही लिहून थांबलेलं आहे का, खोडरबरानं घासून कागद पांढरा झालेला दिसतो का? अशी एक जरी खूण असेल तर मुलानं प्रयत्न केलेला आहे. मग ‘सोडवणं’ बाजूला ठेवून वहीचा फोटो मागवायचा. फोटोत वहीच असेल आणि त्यात काम असेल, तर मूल तपासणी मागतंय असंच धरायचं. त्यानं तसं शब्दांत म्हटलं नसलं तरीही.

पूर्ण पानाचा फोटो आला आणि त्यावर आठ-दहा उपप्रश्न असले, तर तो बहुधा घरचा अभ्यास असतो. त्याला उत्तर द्यायच्या आधी ‘यातलं कोणतं अडलं?’ असं विचारावं. एका प्रश्नाचा क्रमांक आला तर पुढे जाता येतं. ‘सगळीच’ असं उत्तर आलं, तर अडचण त्या पानावर नसून त्याआधीच्या पानांवरच्या सोडवून दाखवलेल्या उदाहरणांत असते, आणि तिथूनच सुरुवात करावी लागते.

समासात गुण छापलेले असतील, ‘वेळ’ आणि ‘एकूण गुण’ असा मथळा असेल, तर ते पुस्तकाचं पान नाही, प्रश्नपत्रिका आहे. ती झालेल्या परीक्षेची आहे की आत्ता चालू असलेल्या, हे विचारल्याशिवाय एक ओळही लिहून पाठवू नये. शाळेच्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास आलेला असा फोटो पाहून तर थांबायलाच हवं.

फोटो अस्पष्ट असेल तर प्रश्न आपल्या शब्दांत परत लिहून पाठवावा: ‘मला असं दिसतंय, बरोबर ना?’ पानाच्या घडीत वजाचं चिन्ह हरवतं. वरचा छोटा 2 सावलीत बुडाला की x² चा x होतो. भूमितीच्या प्रश्नात आकृती अनेकदा मागच्या पानावर राहते. समरूप त्रिकोणांचा प्रश्न आकृतीशिवाय सोडवायला बसलं, तर आपणच शिरोबिंदूंचा क्रम मनानं ठरवतो आणि भलत्याच बाजूंचं गुणोत्तर काढून पाठवतो.

एकच उदाहरण, तीन वेगळे फोटो

आता एक शाब्दिक उदाहरण घेऊ. एका आयताकृती बागेची लांबी तिच्या रुंदीपेक्षा ५ मीटरने जास्त आहे. बागेचं क्षेत्रफळ ८४ चौरस मीटर असेल, तर बागेची लांबी आणि रुंदी काढा.

काही पाठवायच्या आधी आपण स्वतः हे कच्च्या कागदावर सोडवून घ्यायचं. हा कागद पाठवायचा नसतो. पण उत्तर हाताशी असल्याशिवाय मुलाची कोणती ओळ चुकली हे पटकन दिसत नाही. रुंदी x धरली तर लांबी x + 5.

x(x + 5) = 84
x² + 5x − 84 = 0
(x + 12)(x − 7) = 0
x = −12 किंवा x = 7

रुंदी ऋण नसते, म्हणून x = 7. रुंदी ७ मीटर, लांबी १२ मीटर.

पहिला फोटो फक्त छापील प्रश्नाचा आहे. वही नाही, खुणा नाहीत. इथे मुलाला काय हवंय ते आपल्याला खरोखरच माहीत नाही. अशा वेळी ‘काय करू?’ एवढंच विचारणं प्रामाणिक वाटतं, पण त्यातून फार हाती लागत नाही. मूल अर्धा तास वाट पाहतं आणि मग ‘सर, सोडवून द्या ना’ असं लिहितं, कारण आपल्याला नेमकं कुठे अडलंय हे त्यालाही सांगता येत नसतं. म्हणून पहिलं उत्तर असं असावं की त्याचा हेतू कोणताही असला तरी ते वाया जाणार नाही. उदाहरणार्थ:

‘प्रश्न वाचला. लांबी रुंदीपेक्षा ५ मीटरनं जास्त, क्षेत्रफळ ८४. रुंदी x धर. मग लांबी काय होईल? तेवढं लिही आणि क्षेत्रफळाचं समीकरण मांड. आधीच काही केलं असशील तर वहीचा फोटो टाक, खोडलेलं असलं तरी चालेल.’

या पाच-सहा वाक्यांत आपण प्रश्न नीट वाचल्याची खात्री होते, सुरुवात मिळते, मुलाला लगेच करण्यासारखं एक छोटं काम मिळतं आणि तपासणीचा दरवाजाही उघडा राहतो. ‘खोडलेलं असलं तरी चालेल’ हे शब्द मुद्दाम लिहायचे. मुलं वही पाठवत नाहीत त्याचं मोठं कारण ती घाण दिसते हे असतं.

त्यावर जे उत्तर येईल त्यावरून वाट ठरते. लांबी 5x असं आलं, तर ‘५ ने जास्त’ आणि ‘५ पट’ यांत गोंधळ आहे. मग x² = 16.8 असा विचित्र आकडा निघतो आणि मूल तिथे थांबतं. समीकरण x + (x + 5) = 84 असं आलं, तर त्यानं क्षेत्रफळाच्या जागी बेरीज घेतली आहे, आणि रुंदी साडेएकोणचाळीस मीटर येते. या दोन्ही ठिकाणी वर्गसमीकरण शिकवत बसण्यात अर्थ नाही. पहिल्याला आकडा घेऊन विचारायचं: रुंदी १० मीटर असती तर लांबी किती? तो १५ म्हणेल, आणि १० वरून १५ कसे झाले हे त्याला स्वतःला लिहावं लागेल. दुसऱ्याला आयत काढून आत एक-एक मीटरचे चौकोन आखायला सांगायचे.

शाब्दिक उदाहरणात मूल कुठे अडलं हे शोधण्यासाठी ऑस्ट्रेलियातल्या ॲन न्यूमन यांनी १९७७ साली एक साधा क्रम मांडला, आणि तो आजही वापरला जातो. प्रश्न वाचता आला का? त्याचा अर्थ कळला का? अर्थावरून गणिती मांडणी करता आली का? ती मांडणी सोडवता आली का? आणि शेवटी उत्तर विचारलेल्या रूपात लिहिता आलं का? या पाचांपैकी पहिल्या ज्या पायरीवर ‘नाही’ येतं, तिथे काम करायचं. वरचं 5x हे अर्थाच्या पायरीवरचं अडणं आहे. सुटलेलं उत्तर पाठवून आपण चौथी पायरी दाखवतो आणि दुसरी तशीच राहते. पुढच्या उदाहरणात ‘ने जास्त’ आलं की मूल पुन्हा गुणाकारच करतं.

समीकरण बरोबर मांडून आलं आणि ‘पुढे येत नाही’ असं आलं, तर समजावायची गोष्ट फक्त अवयव पाडण्याची आहे: गुणाकार −84 आणि बेरीज 5 येईल अशा दोन संख्या. ८४ च्या जोड्या त्यालाच लिहायला सांगाव्यात, १ आणि ८४ पासून ७ आणि १२ पर्यंत. त्यांतली कोणती जोडी ५ चा फरक देते ते त्याला दिसेल, आणि मोठ्या संख्येला अधिक चिन्ह का, एवढंच आपल्याला सांगावं लागेल.

आणि ‘सोडवूनच द्या’ असं आलं तर? तेव्हा नकार देऊन मुलाला ताटकळत ठेवू नये. सोडवून द्यावं, पण जुळं उदाहरण. लांबी रुंदीपेक्षा ३ मीटरने जास्त, क्षेत्रफळ ४० चौरस मीटर. x² + 3x − 40 = 0, (x + 8)(x − 5) = 0, रुंदी ५, लांबी ८. हे प्रत्येक ओळीच्या कारणासह पूर्ण लिहून पाठवायचं आणि त्याच्या पुस्तकातलं उदाहरण त्याच्यासाठी ठेवायचं. सोडवलेलं उदाहरण देणं म्हणजे आयतं देणं, असा एक समज शिक्षकांमध्ये असतो आणि तो पूर्ण खरा नाही. स्वेलर आणि कूपर यांनी १९८५ साली बीजगणितावर केलेल्या प्रयोगांत, ज्यांनी सोडवलेली उदाहरणं अभ्यासून लगेच तशीच उदाहरणं सोडवली, त्यांना पुढची तशीच उदाहरणं कमी वेळात आणि कमी चुकांनी जमली. मात्र वेगळ्या धाटणीच्या उदाहरणांत तसा फायदा दिसला नाही. म्हणून प्रकार मुलासाठी अगदी नवा असेल तेव्हाच हा मार्ग धरावा. अशी चार-पाच उदाहरणं ज्यानं आधीच सोडवली आहेत, त्याला पुन्हा पूर्ण सोडवून दिलं तर तो नुसता वाचतो आणि ‘कळलं’ म्हणतो.

वहीचा फोटो आला की

दुसऱ्या फोटोत पुस्तकाशेजारी वही आहे, आणि वहीत हे:

x² + 5x − 84 = 0
x² + 12x − 7x − 84 = 0
x(x + 12) − 7(x − 12) = 0

यापुढे जागा कोरी. इथे तपासायचं आहे, आणि तपासणं म्हणजे शेवटच्या ओळीवर काट मारणं नाही. वरून खाली येत प्रत्येक बरोबर ओळीपुढे बरोबरची खूण करायची आणि पहिल्या चुकीच्या ओळीला गोल करायचा. इथे दोन ओळी बरोबर आहेत, आणि ते मुलाला कळलं पाहिजे, कारण कोरी जागा पाहून त्याला सगळंच चुकल्यासारखं वाटत असतं. तिसऱ्या ओळीत −7 सामाईक काढताना कंसातलं चिन्ह बदलायचं राहिलं. दोन कंस वेगळे निघाले, म्हणून पुढची ओळ लिहिता आली नाही. गोल केल्यावर एकच प्रश्न लिहायचा: ‘−7(x − 12) हा कंस सोडवून बघ. वरच्या ओळीत जे होतं तेच मिळतं का?’ त्याला −7x + 84 मिळेल, वर −84 आहे. पुढचं तो करतो. दुरुस्त ओळ आपण लिहून दिली, तर हीच चूक दुसऱ्या समीकरणात पुन्हा येते. कंस परत सोडवून पडताळायची सवय त्याच्या हातात आलेलीच नसते.

नव्यानं सोडवून पाठवण्यातला धोका इथेच दिसतो. समजा आपण सवयीप्रमाणे लांबीला x धरलं. मग रुंदी x − 5 होते आणि समीकरण x² − 5x − 84 = 0 येतं. मुळं 12 आणि −7. उत्तर तेच, सगळं बरोबर. पण मुलाच्या वहीत +5x आहे आणि आपल्या कागदावर −5x. त्याला वाटतं स्वतःचंच चिन्ह चुकलं, आणि तो बरोबर असलेली पहिली ओळ खोडतो. खरी चूक तिसऱ्या ओळीत होती. म्हणून तपासताना आणि गरज पडल्यास सोडवून देतानाही मुलानं जे x धरलंय तेच धरायचं, आणि त्याच्या वर्गात जी पद्धत चालू आहे तीच वापरायची.

उत्तर पडताळायचं ते शब्दांत दिलेल्या प्रश्नाशी. मुलं मिळालेली किंमत आपल्याच समीकरणात घालून पाहतात आणि जुळली की निश्चिंत होतात. पण मांडणीच चुकलेली असेल तर चुकीच्या समीकरणाचं मूळ त्या समीकरणात जुळणारच. इथे पडताळा असा: १२ आणि ७ यांत फरक ५ आहे का? गुणाकार ८४ आहे का? दोन्ही हो. यासाठी दहा सेकंद लागतात. आपणही तपासणी सुरू करताना आधी हेच पाहावं. मग एककाकडे आणि प्रश्नात काय विचारलंय याकडे नजर टाकावी. अनेक वह्यांत काम x = 7 वर संपतं. लांबी लिहिलेली नसते, ‘मीटर’ नसतं.

तिसरा फोटो सगळ्यात फसवा असतो. वहीत शेवटी लिहिलंय:

x = −12 किंवा x = 7
∴ लांबी 12 मी, रुंदी 7 मी

उत्तरसूचीशी जुळतं. मूल ‘बरोबर आहे ना?’ एवढंही लिहीत नाही, नुसता फोटो पाठवतं, आणि आपण बरोबरची खूण करून मोकळे होतो. पण मधल्या दोन ओळी नाहीत. एकतर रुंदी ऋण नसते म्हणून −12 सोडलं, ही ओळ नाही. दुसरं म्हणजे लांबी = x + 5 = 12 ही ओळ नाही. मग १२ आला कुठून? अनेकदा तो −12 चं वजा चिन्ह काढून आलेला असतो. मुलाच्या डोक्यात ‘दोन उत्तरं आली, एक लांबी, एक रुंदी’ असा हिशोब असतो.

हा हिशोब इथे जुळतो त्याला कारण आहे. x(x + 5) = 84 मध्ये x = −12 घातलं तर x + 5 = −7 येतं, आणि (−12)(−7) = 84. म्हणजे दुसरं मूळ तीच जोडी ऋण चिन्हांनी देतं. लांबी रुंदीपेक्षा ठरावीक मीटरनं जास्त असलेल्या प्रत्येक उदाहरणात असंच होणार, आणि मुलाची चुकीची कल्पना प्रत्येक वेळी बरोबर उत्तर देत राहणार.

वही पाहून हे नक्की सांगता येत नाही. कदाचित मुलानं मधल्या ओळी मनात केल्या असतील. म्हणून आधी विचारावं, ‘१२ कुठून आला?’ आणि मग एक उदाहरण पाठवावं जिथे हा योगायोग नाही: लांबी रुंदीच्या दुपटीपेक्षा ३ मीटरने कमी, क्षेत्रफळ ५४ चौरस मीटर. रुंदी x, लांबी 2x − 3. समीकरण 2x² − 3x − 54 = 0, मुळं 6 आणि −4.5. खरी लांबी 2 × 6 − 3, म्हणजे ९ मीटर. ज्याची कल्पना पक्की आहे तो ६ आणि ९ लिहील. जो चिन्ह काढून टाकत होता तो ६ आणि ४.५ लिहील, आणि त्यांचा गुणाकार २७ येतो हे त्यालाच दिसेल. आता समजावायची वेळ आली. समजावायचं आहे ते x म्हणजे काय धरलं होतं हे. वर्गसमीकरण सोडवणं त्याला येतंच.

पूर्ण सोडवून कधी द्यायचं

काही फोटोंना पूर्ण उत्तरच लागतं. पुस्तकाच्या पानासोबत उत्तरसूचीचंही पान आलं असेल आणि दोन्हीकडे एकाच क्रमांकावर बोट ठेवलेलं असेल, तर बहुधा मुलाचं उत्तर छापील उत्तराशी जुळत नाहीये. छपाईची चूकही असू शकते. अशा वेळी सूचीकडे न पाहता आपण स्वतंत्रपणे सोडवावं आणि मग तिन्ही उत्तरं शेजारी ठेवावीत. मुलानं दोनदा मनापासून प्रयत्न केले, दोन्ही वेळा सूचना दिली आणि तरी गाडी तिथेच अडली असेल, तर तिसरी सूचना देऊ नये, उत्तर द्यावं. उद्या सकाळी चाचणी आहे आणि रात्रीचे साडेदहा वाजलेत, तेव्हाही. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा मोठा माणूस बहुपर्यायी प्रश्न पाठवत असेल तर त्याला बहुधा जलद रीत हवी असते. तिथे शालेय मांडणी दाखवत बसू नये.

आणखी एका फोटोचा विचार वेगळा करावा लागतो. तो मुलाच्या आईच्या किंवा बाबांच्या फोनवरून येतो, आणि पान तिसरी-चौथीचं असतं. ५२ वजा २७ हे त्यांना येतं. त्यांना अडलेलं असतं ते मुलाला कसं सांगायचं यात, कारण त्यांनी शिकलेली रीत वहीतल्या रीतीशी जुळत नाही. अनेक पालकांनी ‘हातचा’ देऊन वजाबाकी शिकलेली आहे: २ मधून ७ जात नाहीत, म्हणून बारातून सात गेले पाच, हातचा खालच्या २ ला दिला, ते झाले ३, पाचातून तीन गेले दोन, उत्तर २५. मुलाच्या वहीत वरच्या ५ वर काट मारून ४ लिहिलेलं असतं, कारण तिथे एक दशक सुटा केलेला आहे: बारातून सात गेले पाच, चारातून दोन गेले दोन. दोन्हींत उत्तर एकच. फरक इतकाच की तो एक दशक एका रीतीत खाली वाढवला, दुसरीत वर कमी केला. या फोटोला उत्तर पाठवणं निरर्थक आहे आणि तपासण्यासारखंही काही नाही. दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या काढून, एक गठ्ठा सोडून दाखवणारं छोटं चित्र पाठवावं, आणि सोबत लिहावं: ‘वहीतली रीत बरोबर आहे. आज तीच राहू द्या, तुमची रीत आत्ता मध्ये आणू नका.’